फसवा ईमेल कळवण्याचे बटण आणि त्याविषयीचे शंभरेक शब्द

फसवा ईमेल ओळखण्याचे प्रशिक्षण आणि तो कळवण्याची सूचना ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्यासाठी तासभराचे सत्र लागते. दुसऱ्यासाठी शंभरेक शब्दांचा ईमेल पुरतो, पण त्यात पहिले काम कोंबले की दोन्ही बिघडतात. पतसंस्था आणि सहकारी बँकांच्या संगणक विभागांतून निघणाऱ्या बहुतेक सूचनांचे हेच होते. वर फिशिंगची व्याख्या, खाली दहा लक्षणे, आणि ‘असा ईमेल आल्यास त्वरित कळवावे’ हे वाक्य शेवटी. कसे कळवावे, कुठे दाबावे, दाबल्यावर काय होईल, याचा पत्ता नाही.

लोणार तालुक्यातील सुलतानपूरसारख्या गावातली एखादी शाखा नजरेसमोर ठेवली, तर सूचना कोणासाठी लिहायची हे स्पष्ट होते. मुख्य कार्यालय जिल्ह्याच्या ठिकाणी, शाखेत तीन-चार माणसे, संगणक विभागातले कोणीच नाही. खटकणारा ईमेल आला की शाखेत साधारणपणे दोन गोष्टी होतात. कोणी पडद्याचा फोटो काढून कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतो, किंवा ईमेल मुख्य कार्यालयाला फॉरवर्ड करतो. फोटोत लिंकच्या मागचा खरा पत्ता नसतो. फॉरवर्ड केल्यावर हेडर, म्हणजे ईमेल कोणत्या सर्व्हरवरून कसा आला याची नोंद, मूळ पाठवणाऱ्याऐवजी फॉरवर्ड करणाऱ्याची होते, आणि जिवंत लिंक आणखी एका मेलबॉक्समध्ये पोहोचते ती वेगळीच. ईमेल कळवण्याचे बटण दाबल्यावर मात्र मूळ ईमेल हेडरसकट संगणक विभागाकडे जातो. त्यावरून तोच ईमेल इतर शाखांत कोणाकोणाला आला हे शोधून तो तिथूनही काढता येतो. बटणाचा खरा उपयोग हा आहे.

पण हे आपोआप घडत नाही. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये कळवलेला ईमेल फक्त मायक्रोसॉफ्टकडे जावा, संस्थेच्या ठरलेल्या मेलबॉक्सकडे जावा की दोन्हीकडे, हे डिफेंडर पोर्टलमधल्या User reported settings या पानावर ठरवावे लागते. तिथे केवळ मायक्रोसॉफ्टची निवड असेल, तर संस्थेच्या मेलबॉक्समध्ये प्रत येत नाही, आणि पोर्टल रोज उघडून पाहणारे कोणी नसेल तर शाखेने कळवलेले कोणाच्या नजरेस पडत नाही. गूगल वर्कस्पेस वापरणाऱ्या संस्थेत Report phishing हा पर्याय उघडलेल्या ईमेलच्या तीन टिंबांच्या यादीत असतो आणि त्याची वर्दी प्रशासकाच्या अलर्ट सेंटरमध्ये येते. ती पाहायची जबाबदारीही कोणावर तरी सोपवलेली हवी. म्हणून सूचना लिहिण्याआधी शाखेतल्या एका संगणकावरून आणि एका मोबाइलवरून चाचणीचा ईमेल कळवून तो कुठे पोहोचतो ते पाहावे. मोबाइलवर फोन कंपनीने दिलेले साधे मेल अॅप असेल, तर हे बटण तिथे सापडणारच नाही. आउटलुक वापरण्याचा आग्रह त्या शाखेत आधी धरावा लागेल.

चाचणी झाली की मजकूर. आउटलुक वापरणाऱ्या संस्थेसाठी तो असा असू शकतो:

विषय: संशयास्पद ईमेल आला तर Report बटण दाबा

नमस्कार,

पासवर्ड मागणारा, पैसे पाठवायला सांगणारा किंवा अन्य कारणाने खटकणारा ईमेल आला, तर वरच्या पट्टीतील Report बटण दाबून Report phishing निवडा. तो फॉरवर्ड करू नका, ग्रुपवर टाकू नका.

बटण दाबल्यावर ईमेल इनबॉक्समधून निघून जाईल. तो आमच्याकडे पोहोचलेला असतो. चुकून चांगला ईमेल कळवला गेला तरी हरकत नाही, तो Deleted Items मध्ये सापडेल.

लिंक किंवा फाइल उघडली असेल, पासवर्ड दिला असेल, तर बटणावर थांबू नका. शाखेतील फलकावर लिहिलेल्या संगणक विभागाच्या क्रमांकावर लगेच फोन करा. कळवणाऱ्यावर कारवाई होणार नाही.

या ईमेलमध्ये लिंक किंवा फाइल जोडलेली नाही.

संगणक विभाग, मुख्य कार्यालय

या मसुद्यातली दोन-तीन वाक्ये जपण्यासारखी आहेत. ‘ईमेल इनबॉक्समधून निघून जाईल’ हे आधी सांगितले नाही, तर पहिल्यांदा बटण दाबणारा आपण काही बिघडवले या समजुतीने घाबरतो आणि पुन्हा बटणाकडे जात नाही. फोन क्रमांक ईमेलमध्ये न देता फलकावरचा वापरायला सांगितला आहे, कारण उद्या याच सूचनेची नक्कल करून कोणी ईमेल पाठवला तर त्यात क्रमांकही त्याचाच असेल. लिंक न देण्यामागचे कारण तेच. ‘अधिक माहितीसाठी येथे क्लिक करा’ असे सांगणारी जागरूकतेची सूचना कर्मचाऱ्याला नेमकी चुकीची सवय लावते. ‘त्वरित’, ‘अन्यथा खाते बंद होईल’ अशी भाषाही याच कारणाने टाळावी. एवढे करूनही दोघा-चौघांनी हाच ईमेल फसवा म्हणून कळवला, तर वाईट वाटून घेऊ नये. बटण चालते हे त्यावरून कळते.

‘कारवाई होणार नाही’ हे वाक्य मात्र संगणक विभागाने आपल्या अधिकारात लिहू नये. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची संमती घ्यावी, नाही मिळाली तर वाक्य गाळावे. दिलेला शब्द एकदा मोडला की क्लिक केलेला माणूस पुढे गप्प बसतो, आणि ते गप्प बसणे किती महाग पडू शकते याची कल्पना शेजारच्या देशातल्या एका घटनेवरून येते. बांगलादेश बँकेच्या कर्मचाऱ्यांना जानेवारी २०१५ मध्ये नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या उमेदवाराच्या नावाने ईमेल आले. बायोडेटा पाहण्यासाठी त्यांत लिंक होती. अमेरिकी तपास यंत्रणेने २०१८ मध्ये न्यायालयात मांडलेल्या माहितीनुसार, बँकेच्या किमान तीन संगणकांवरून ती फाइल उतरवून घेण्याचा प्रयत्न झाला. प्रत्यक्ष चोरी झाली फेब्रुवारी २०१६ मध्ये, ८ कोटी १० लाख डॉलरची. ईमेल आणि चोरी यांत वर्षभराचे अंतर होते. अशा अंतरात क्लिक करणाऱ्याचा एक फोन आला तर शोध तिथूनच सुरू होऊ शकतो.

भारतात कळवण्यावर वेळेचे बंधनही आहे. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कळवण्याजोग्या सायबर घटनांच्या यादीत फिशिंगचा समावेश आहे आणि घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत ती कळवायची असते. शाखेने दुपारी दाबलेले बटण मुख्य कार्यालयात दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिले जात असेल, तर ही मुदत पाळली गेली असे म्हणणे कठीण आहे. पैसे गेलेच असतील तर १९३० या क्रमांकावर किंवा cybercrime.gov.in वर तक्रार करायची असते, पण हे सूचनेच्या ईमेलमध्ये घालू नये. ते संगणक विभागाच्या टेबलावरच्या कार्यपद्धतीत असावे. कर्मचाऱ्याने बटण दाबावे किंवा फोन करावा, पुढचे सगळे मुख्य कार्यालयाने पाहावे.

ईमेल एकदा पाठवून काम संपत नाही. कळवणाऱ्याला ‘तो फसवाच होता’ किंवा ‘तो ठीक होता’ एवढे उत्तर गेले पाहिजे. डिफेंडर पोर्टलमध्ये निकाल नोंदवताना कर्मचाऱ्याला कळवण्याची सोय आहेच. नवा कर्मचारी रुजू झाला की त्याचा मेलबॉक्स उघडतानाच हीच सूचना त्याला पाठवावी, आणि बटणाची जागा बदलणारे अपडेट आले की त्याच दिवशी मजकूर सुधारून पुन्हा सर्व शाखांना पाठवावा.