‘शुगर फ्री’ बिस्किटांचा हिशेब

मधुमेहाचा रुग्ण असलेल्या घरात चहाबरोबर ‘शुगर फ्री’ बिस्किटे येतात आणि ती सहसा मोजून खाल्ली जात नाहीत. पाकिटावरचा दावा खोटा नसतो, पण तो फार थोडे सांगतो. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार १०० ग्रॅम पदार्थात साखर ०.५ ग्रॅमपेक्षा जास्त नसेल, तर असे लिहिता येते. मैद्यातला स्टार्च या हिशेबात धरलेला नाही. पचल्यावर त्याचेही ग्लुकोजच होते.

समजा, मागच्या तक्त्यात १०० ग्रॅमला कर्बोदके ६५ ग्रॅम आणि फॅट २० ग्रॅम आहे. चार बिस्किटे ३० ग्रॅमची धरली, तर सुमारे २० ग्रॅम कर्बोदके आणि ६ ग्रॅम फॅट पोटात जाते. साधारण एका पोळीत एवढीच कर्बोदके असतात. जो पोळ्या मोजतो, त्याने ही बिस्किटेही मोजायला हवीत. गोडीसाठी माल्टिटॉल वापरले असेल, तर त्यानेही रक्तातली साखर काहीशी वाढते.

‘लो फॅट’चेही तसेच. घन पदार्थात १०० ग्रॅममागे ३ ग्रॅमपर्यंत फॅट, एवढाच त्याचा अर्थ. साखरेबद्दल तो गप्प असतो. मध ‘नॅचरल’ असला, तरी त्यात मुख्यतः साखरच असते.

म्हणून पाकीट उलटून पाहावे. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पहिलेच नाव मैद्याचे असेल, तर मधुमेहींनी काय समजायचे ते समजावे.