डबल मारणारा माऊस आणि 'नवीन घ्या'वाले

"साहेब, माऊस डबल मारतोय ना? मग संपला तो. नवीन घ्या." ठाण्यात स्टेशनजवळच्या दुकानातल्या मुलाने माझा माऊस हातातही न घेता निकाल दिला. आधी कल्याणच्या भाच्याने व्हायरसवर संशय घेतला होता, तर शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने सेटिंगवर. तिघेही मनापासून बोलत होते, आणि तिघेही चुकत होते.

व्हायरसचे खंडन एका मिनिटाचे. माऊस दुसऱ्या संगणकाला लावला, खोड त्याच्याबरोबर तिकडे गेली.

सेटिंगवाल्यांचा मुद्दा जरा बरा वाटतो, म्हणून जास्त फसवतो. विंडोजमधली डबल-क्लिकच्या वेगाची पट्टी इतकेच ठरवते की दोन क्लिकमध्ये किती वेळ गेला तरी त्यांना जोडी मानायचे. मूळ मुदत ५०० मिलिसेकंद, पट्टी टोकाला नेली तरी सुमारे २००. माझा माऊस किती वेळात दुसरा क्लिक मारतो, ते ब्राउझरच्या कन्सोलमध्ये पाहिले:

```
let t=0;
addEventListener("mousedown",e=>{
  console.log(Math.round(e.timeStamp-t));
  t=e.timeStamp;
});
```

हे टाकून रिकाम्या पानावर सावकाश, एकेकच क्लिक करत राहिलो. आकडे हजाराच्या आसपास यायला हवे होते. मधूनच ३८, ४४, ३१ उमटत होते. मुद्दाम भराभर दोनदा दाबले तरी माझे बोट शंभराच्या खाली जाईना. म्हणजे ते क्लिक माझे नव्हतेच, आणि २०० च्या मुदतीत ते आरामात बसत होते. पट्टी काय करणार?

हे क्लिक येतात डाव्या बटणाखालच्या मायक्रोस्विचमधून. जेमतेम तेरा मिलिमीटर लांबीच्या त्या डबीत तांब्याच्या मिश्रधातूचे एक पातळ पाते असते. बटण दाबले की ते टक्कन उलटून दुसऱ्या संपर्कावर आपटते, आणि आपटताना थोडे उसळते. नवा स्विचही उसळतो, पण काही मिलिसेकंदच, आणि तेवढे माऊसमधली चिप दुर्लक्षित करते. पात्याचा ताण उतरला, संपर्काचे टोक झिजले किंवा काळवंडले, की ही उसळी चिपच्या मर्यादेबाहेर जाते. माऊसमधला प्रवाह इतका क्षीण असतो की टोकावरचा पापुद्रा ठिणगीने जळूनही जात नाही. घरातली चांदी पावसाळ्यात कशी काळी पडते ते आठवा.

आता सॉफ्टवेअरवाले. ८० मिलिसेकंदांच्या आतला दुसरा क्लिक गिळून टाकणारे छोटे प्रोग्राम मिळतात, आणि ते चालतात, हे मान्य. पण माझी खरी अडचण ओढण्याची होती. फाइल ओढताना संपर्क क्षणभर सुटायचा आणि ती भलत्याच फोल्डरमध्ये पडायची. ते झाकायचे तर प्रोग्रामला प्रत्येक बटण सोडणे थोडे उशिरा कळवावे लागते, आणि तो उशीर हाताला जाणवतो. शिवाय ऑफिसच्या संगणकावर काही इन्स्टॉल करू देतात कुठे!

म्हणून माझे म्हणणे: स्विच बदला. वॉरंटी चालू असेल तर मात्र माऊस उघडू नका, आधी ती वापरा.

आणि नवा स्विच आणायला लॅमिंग्टन रोड गाठायलाच हवा असे नाही. डोंबिवलीतल्या माझ्या कपाटात एक मेलेला माऊस होताच. त्याचा डावा स्विच झिजलेला, पण उजवा क्वचितच दाबलेला. साध्या माऊसमध्ये दोन्हीकडे बहुधा एकाच मापाचे स्विच असतात. चाकाखालचा मात्र अनेकदा वेगळा, बुटका असतो; त्याच्या नादी लागू नका.

स्क्रू सापडेनात, कारण ते खालच्या गुळगुळीत पट्ट्यांखाली दडलेले होते. हेअर ड्रायरने ऊब दिल्यावर पट्ट्या न फाटता निघाल्या. स्विचला तीन पाय असतात. जुन्यावरची कळ मध्यभागी नसून एका टोकाकडे असते, ते टोक कुठल्या बाजूला आहे याचा फोटो काढून ठेवला. नवा उलटा बसला तर बटण कळीवर येतच नाही. मग तिन्ही पायांवर थोडे ताजे सोल्डर लावून, पंपाने ओढून जुना काढला, आणि मेलेल्या माऊसचा उजवा तसाच काढून त्याच्या जागी बसवला. इथे घाई नको, फार वेळ तापवले तर बोर्डावरची तांब्याची चकती उखडून येते. हात थरथरत असेल तर मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे द्या, रोज याहून नाजूक काम करतो तो.

डबी उघडून पाते वाकवणारेही असतात. मी एकदा केले. नखाएवढी कळ उडून पलंगाखाली गेली, आणि सापडल्यावर जुळवलेला स्विच दोन महिन्यांत पुन्हा डबल मारू लागला. संपर्कावरच्या स्प्रेचेही तसेच, काळवंडलेले उजळते, झिजलेले भरून येत नाही. आणि ऑप्टिकल स्विचच्या माऊसला हा उपाय लागूच नाही, तिथे प्रकाश अडतो, धातू धातूला टेकत नाही.

नव्या स्विचवर तोच कोड पुन्हा चालवला. सावकाश दोनशे क्लिक केले. सर्वांत लहान आकडा आला ७१२.