तीन हजार दिरहमचा पगार आणि एक उचल

परवा धारूर तालुक्यातले एक गृहस्थ मुलाला घेऊन घरी आले. मुलगा आयटीआय झालेला वायरमन, एका कंपनीच्या दुबईच्या शाखेत निवड झालेली. सोबत इंग्रजी ऑफर लेटर आणि एजंटने करून दिलेला एक पानी 'मराठी अनुवाद'. त्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं : पगार 3,000 दिरहम.

मूळ पत्रातला तक्ता वेगळंच सांगत होता. बेसिक 1,200, घरभाडं 900, जेवण 600, प्रवास 300. बेरीज 3,000 बरोबर येते. म्हणून तर एजंट म्हणाला म्हणे, "चुकलं काय?"

चुकलं असं की 'बेसिक' ही ओळ अनुवादात उतरलीच नाही, आणि तिकडच्या कायद्यात पुढचे बरेचसे हिशोब त्याच ओळीवर उभे आहेत. यूएईच्या 2021 च्या कामगार कायद्यात (तो फेब्रुवारी 2022 पासून लागू आहे. काही आर्थिक मुक्त क्षेत्रांचे नियम वेगळे आहेत, ते सोडा) नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे 21 दिवसांच्या मूळ वेतनाइतकी असते. 1,200 भागिले 30 म्हणजे दिवसाला 40 दिरहम. 21 दिवसांचे 840, पाच वर्षांचे 4,200. अनुवाद वाचून पोरगा 3,000 वर हिशोब करून बसला होता, म्हणजे 10,500! फरक 6,300 दिरहमचा. ओव्हरटाइमचंही तेच. दिवसाच्या जादा तासाला मूळ वेतनाचा दर अधिक 25 टक्के. आठ तासांचा दिवस धरला तर तासाला 5 दिरहम, जादा तासाला सव्वासहा. 3,000 धरून त्याने साडेपंधराच्या वर काढले होते.

मूळ वेतन कमी ठेवून भत्ते फुगवणं बेकायदेशीर आहे असं मी म्हणत नाही. पण सही करणाऱ्याला ते दिसलं पाहिजे की नाही?

यावर आमच्यातलेच काही शहाणे म्हणतात, "अहो, हिंदी सगळ्यांना येतं, मराठीचा हट्ट कशाला?" यूएईच्या सरकारने 2016 मध्ये ठराविक नमुन्यातलं ऑफर लेटर सक्तीचं केलं तेव्हा ते अकरा भाषांत दिलं. त्यात हिंदी होती, उर्दू, तमिळ, मलयाळम होती, मराठी नव्हती. आता हे वडील बघा. ऊसतोडीला जाऊन दोन पोरं शिकवली. 'मूल वेतन' म्हटल्यावर मान हलवतात, समजत काहीच नाही. आणि सरकारी मराठीतलं 'उपदान' लिहिलं तरी तेच! त्यामुळे शुद्ध मराठीवाल्यांशीही माझं भांडण आहेच.

दुसऱ्या तक्त्यात एक ओळ होती. कंपनी सुरुवातीला 1,500 दिरहम देणार आणि पाच पगारांतून 300 प्रमाणे कापून घेणार. एजंटच्या कागदावर त्याचं झालं होतं 'सुरुवातीची मदत'. मी तिथे सरळ 'उचल' लिहिलं. वडील पट्कन सावरून बसले.

"उचल हाय व्हय ही? मग फिटंस्तोवर पोरगं अडकलं का तिथं?"

बघा, एका शब्दात माणूस नेमक्या प्रश्नावर आला. उत्तरही पत्रातच होतं, नोकरी मधेच सोडली तर उरलेली रक्कम शेवटच्या हिशोबातून कापणार. मुकादमाच्या उचलीत काय लिहिलेलं नसतं ते त्यांना पक्कं ठाऊक, म्हणून इथे लिहिलेलं आहे याचं त्यांना बरं वाटलं.

बोनसच्या ओळीत इंग्रजीत 'मे बी पेड' होतं. एजंटचा अनुवाद 'मिळेल'. माझा, 'कंपनीच्या मर्जीवर, मिळेलच असं नाही'. वैद्यकीय विमा 'कुटुंबासह' झाला होता, मुळात फक्त कर्मचाऱ्याचा. विमानाचं तिकीट दोन वर्षांतून एकदा, तेही मुंबईपर्यंत. मुंबई ते धारूर हा खर्च आपला, हेही लिहून टाकलं. (मुळात नाही, म्हणून चौकटीबाहेर, 'अनुवादकाची टीप' म्हणून.)

आकडे मात्र मी दिरहममध्येच ठेवले. अनुवादात रुपये घातले की दर बदलला तरी माणूस त्याच रकमेची वाट बघत बसतो. ओळींचे क्रमांकही मुळातलेच ठेवले, म्हणजे इंग्रजी कागदावर बोट ठेवून जुळवता येतं.

मुलाने त्याच रात्री कंपनीला मेल केला : एकूण तेवढंच ठेवा, पण मूळ वेतन 1,800 करता का? तीन दिवसांनी उत्तर आलं, 1,500 करतो. सरकारी नमुन्यातल्या पत्रातही 1,500 च आहेत हे दाखवा, मग सही करतो, असं त्याने कळवलंय. वडिलांनी एजंटचं पान माझ्याकडेच ठेवलं. म्हणाले, "ऱ्हाऊ द्या गुरुजी, दुसरं कुणी आलं तर दाखवायला व्हईल."