युरिन कल्चर ‘पॉझिटिव्ह’ आले? आधी नमुना कसा घेतला ते आठवा

युरिन कल्चरमध्ये जंतू मोजले जातात. ते मूत्राशयातले की बाटलीत वाढलेले, हे आकडा सांगत नाही. मिलिलिटरमागे १ लाख जंतू हा संसर्गाचा ढोबळ निकष आहे.

चूक कुठे होते?
समजा, सकाळी ८ वाजता लघवीची पहिली धारच बाटलीत घेतली. त्वचेवरचे जंतू त्यात आले, मिलिलिटरमागे १ हजार. बाटली उकाड्यात तशीच राहिली. जंतू दर अर्ध्या तासाला दुप्पट झाले, तर साडेअकराला ते १ लाख २८ हजार होतात. संसर्ग नसतानाही अँटिबायोटिक सुरू होऊ शकते.

कसे ओळखाल?
तीन किंवा अधिक प्रकारचे जंतू, भरपूर एपिथेलियल सेल्स आणि नगण्य पस सेल्स दिसल्यास नमुना दूषित असण्याची शक्यता जास्त. पुन्हा नमुना द्यायचा का, हे डॉक्टरांना विचारा. जळजळ किंवा ताप असेल तर थांबू नका.

योग्य पद्धत काय?
हात धुवा. महिलांनी जागा पुढून मागे पुसावी, पुरुषांनी पुढची त्वचा मागे सारून स्वच्छ करावी. पहिली धार सोडून मधली थेट निर्जंतुक बाटलीत घ्या. बाटलीला आतून बोट लावू नका. दोन तासांत लॅबमध्ये द्या. उशीर होणार असेल, तर फ्रिजमध्ये ठेवा.