गोषवारा ते निष्कर्ष

कॉलऱ्यावर मीठ-साखर-पाण्याने मृत्युदर ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आला, हे वाक्य बहुतेकांनी वाचलेले असते. त्यामागे कोलकात्याच्या डॉ. दिलीप महालनबीस आणि सहकाऱ्यांचा १९७३ मधला शोधनिबंध आहे. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत त्यांनी केलेल्या कामाचा तो वृत्तान्त. गोषवारा वाचून संदर्भ देणारा इथेच फसतो. गोषवाऱ्यातून फक्त दावा उचलावा, आणि मग प्रस्तावना सोडून थेट निष्कर्षांकडे जावे. तिथे आधी पाहायचे, ३.६ टक्के कोणापैकी? उपचार घेतलेल्या सुमारे ३,७०० रुग्णांपैकी. मग ३० टक्के कोणाचे? ते पुरेशा उपचाराअभावी होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण. त्याच छावणीत चिठ्ठ्या टाकून निवडलेला तुलनागट नव्हता, आणि साथीच्या त्या गर्दीत कोणी तसा ठेवायलाही नको होता. एवढे कळले की पद्धतीच्या भागात परत यावे आणि रुग्णांना नेमके काय दिले ते शोधावे. अत्यवस्थ रुग्णांना आधी शिरेतून सलाइन दिले जाई, आणि पिण्याइतकी शुद्ध आल्यावर द्रावण. म्हणून ‘केवळ द्रावणाने मृत्यू आठपटीने घटले’ असे लिहिणे चूक. ‘द्रावणावर भर देऊन, गरजेपुरते सलाइन वापरून उपचार केलेल्या छावणीतील रुग्णांत मृत्युदर ३.६ टक्के राहिला’ असे लिहावे. वाक्य लांबते खरे, पण निबंधात तेवढेच सिद्ध झाले आहे, आणि तेवढेही थोडे नाही.