मांजर म्हणतं, योशी!

एका वाचकाने जपानी मीम पाठवून अर्थ विचारला आहे. पिवळं हेल्मेट घातलेलं पांढरं मांजर एक पाय उचलून समोर बोट रोखतंय आणि बाजूला एकच शब्द आहे, ヨシ!. वाचायचा ‘योशी’. मोबाइलमधलं भाषांतर त्याचं ‘ठीक आहे’ करतं. ते चूक नाही, पण हसू कुणालाच येत नाही, कारण विनोद त्या बोटात आहे.

जपानी रेल्वेत वाफेच्या इंजिनांच्या काळापासून एक शिस्त आहे. सिग्नल, दार, वेळ, जे तपासायचं त्याच्याकडे हात लांब करून बोट दाखवायचं आणि मोठ्याने म्हणायचं, ‘अमुक, योशी!’ डोळा, हात आणि तोंड एका कामाला जुंपलं की लक्ष भरकटत नाही. तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेने 1994 मध्ये प्रयोग केला, तेव्हा शंभर कृतींमागे 2.38 असलेल्या चुका या पद्धतीने 0.38 वर आल्या. पुढे कारखाने आणि बांधकामांवरही ही रीत रुजली. आपल्याकडे लोको पायलट आणि त्याचा सहायक सिग्नल मोठ्याने पुकारतात, ते याच जातीचं.

आता मीम पुन्हा पाहा. मांजराची ऐट तंतोतंत नियमातली, पण अशा चित्रांत मागे हमखास घोळ चाललेला असतो: ड्रमवर ड्रम, त्यावर शिडी, शिडीवर माणूस. मांजराने काहीही पाहिलेलं नाही, फक्त बोट दाखवलंय. तपासणीचा सोपस्कार उरला, तपासणी गेली. रजिस्टरवर सह्या मारणारे आपल्याकडे कमी आहेत का?

मूळ मांजर कुमामिने या चित्रकाराचं. हेल्मेट घालून त्याला कामावर धाडलं ते इंटरनेटवरच्या अनामिकांनी.

मी त्या शब्दाच्या जागी लिहीन, ‘तपासलं, ओके!’ शब्द एकाचे दोन झाले तरी चालतील; ‘तपासलं’ नसेल तर मागच्या शिडीशी त्याचा संबंधच लागत नाही. बोट दाखवण्याची रीत मात्र एका वाक्यात आधी सांगायची, मग चित्र दाखवायचं. हा क्रम उलटला की वाचकाला मीम समजतं, पण हसायची वेळ टळलेली असते. जपानी हेल्मेटवर बरेचदा हिरवा क्रॉस असतो, तोही सांगावा लागतो. तिथे ते कामावरच्या सुरक्षेचं चिन्ह आहे; आपल्याला दवाखाना आठवतो आणि मांजर डॉक्टर होऊन बसतं.

इतकं करूनही ज्याने रोज सकाळी रांगेत उभं राहून ‘योशी’ म्हटलंय, त्याच्याइतकं आपण हसणार नाही. ती तूट कुठलंही भाषांतर भरून काढत नाही.

तेव्हा वाचकहो, मीमचा अर्थ विचाराल तेव्हा मजकुरापुरता तुकडा कापून पाठवू नका. अख्खं चित्र पाठवा, मागच्या शिडीसकट.