वारस लपवणाऱ्याला जामीन राहू नका!



गेल्या आठवड्यात आपल्याच चाळीतला एक थोरला मुलगा वडिलांच्या मिळकतीसाठी कोर्टाचा अर्ज तयार करून बसला. त्यात सख्ख्या बहिणीचं नावच नाही! आणि त्याला जामीन राहायला आपल्यातलेच दोघे कागद न वाचता तयार झाले. हा संताप आम्ही गिळणार नाही.

मृत्युपत्र न करता माणूस गेला की मिळकत गोळा करून, देणी फेडून, उरलेलं वारसांत वाटायला कोर्ट प्रशासक नेमू शकतं. त्याला मिळतं ते प्रशासनपत्र, म्हणजेच लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन. मयत हिंदू, मुस्लिम, बौद्ध, शीख किंवा जैन असेल, तर भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ च्या कलम २१८ प्रमाणे मिळकतीत ज्याचा वाटा आहे असा कोणीही अर्ज करू शकतो. विधवा करू शकते, धाकटी मुलगी करू शकते. अनेकांनी केला तर कोणाला नेमायचं ते कोर्ट बघतं, आणि एकही वारस पुढे आला नाही तर धनकोलाही नेमता येतं. थोरल्याचाच मान, असं कुठेही लिहिलेलं नाही. ‘लग्न झालेल्या मुलीचा काय संबंध?’ असं अजूनही विचारणाऱ्यांशी वाद घालायला संघटनेला वेळ नाही.

आता जामिनाचं. कलम २९१ प्रमाणे प्रशासकाने न्यायाधीशाला बंधपत्र द्यायचं असतं, एक किंवा अधिक जामीनदारांसह. मिळकत नीट गोळा करीन आणि कायद्याप्रमाणे तिची व्यवस्था लावीन, ही त्यातली हमी. पत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांत मिळकतीची यादी आणि वर्षाच्या आत हिशेब कोर्टात द्यायचा. हमी मोडली, तर कलम २९२ खाली कोर्ट ते बंधपत्र दुसऱ्याच्या नावे करून देतं, आणि तो त्यावर दावा लावतो. थेट जामीनदारावरसुद्धा!

समजा, गाळा आणि ठेवी मिळून चाळीस लाख. वडिलांच्या मागे आई, दोन मुलगे, एक मुलगी. हिंदू कुटुंबात आजी हयात नसेल, तर प्रत्येकाला दहा लाख. थोरल्याने सगळं उडवलं, तर उरलेल्या तिघांचे तीस लाख बंधपत्राच्या मर्यादेत जामीनदाराकडूनही मागता येतील. शेजारधर्म म्हणून सही करणाऱ्यांनो, स्वतःच्या मुलांच्या तोंडचा घास पणाला लावताय!

म्हणून आधी अर्ज वाचा. कलम २७८ प्रमाणे त्यात कुटुंबीयांची नावं-पत्ते हवेतच. इतर वारसांची संमतीची प्रतिज्ञापत्रं मागा. ज्यांना वगळलंय त्यांनी ताबडतोब कॅव्हेट दाखल करावं. पत्र निघालंच असेल, तर खरी गोष्ट लपवली म्हणून कलम २६३ खाली ते रद्द करायला अर्ज करता येतो.

भाड्याच्या खटल्यात खोलीन् खोली एकजुटीने लढलेली ही संघटना आहे. बहिणींच्या हक्कासाठीही ती उभी राहील. येत्या रविवारी सकाळी दहाला संघटनेच्या खोलीत मृत्यूचा दाखला, शिधापत्रिका आणि अर्जाची प्रत घेऊन या. वकील हजर असतील.